दोन ठोक्यांमधला वेळ आणि धावकाची सकाळ

निरोगी माणसाची नाडी मिनिटाला साठ असली, तरी दर सेकंदाला बरोबर एक ठोका पडतो असे नाही. एक ठोका ९५० मिलिसेकंदांनी येतो, पुढचा १०२० नी, त्यानंतरचा पुन्हा ९८० नी. ठोक्यांमधल्या अंतराच्या या सततच्या कमी-जास्त होण्याला ‘हार्ट रेट व्हेरिएबिलिटी’ म्हणतात, आणि धावणाऱ्यांच्या बोलण्यात ती ‘एचआरव्ही’ या तीन अक्षरांतच असते. विश्रांतीच्या वेळी हे अंतर जितके हलते राहील तितके बरे. ते घड्याळासारखे एकसारखे होऊ लागले, तर शरीर कशात तरी गुंतले आहे असे समजायचे. कशात, हे मात्र तो आकडा सांगत नाही. सकाळच्या घसरणीचा उपयोगही यातून येतो आणि तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमजही.

नाडीचा वेग आणि एचआरव्ही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या धावकाच्या लागोपाठच्या सहा ठोक्यांमधली अंतरे १०२०, १०७५, १०४०, ९८५ आणि १०३० मिलिसेकंद आहेत असे धरू. सरासरी येते १०३०, म्हणजे नाडी मिनिटाला सुमारे ५८. आता शेजारशेजारच्या अंतरांमधले फरक काढले तर ते ५५, ३५, ५५ आणि ४५ भरतात. या फरकांचे वर्ग करून त्यांची सरासरी काढली आणि तिचे वर्गमूळ घेतले की उत्तर येते सुमारे ४८ मिलिसेकंद. या मापाला ‘आरएमएसएसडी’ म्हणतात. सकाळी मोजणी करणारी बहुतेक ॲप हेच माप किंवा त्यावरून काढलेला एखादा गुणांक दाखवतात. दुसऱ्या एका सकाळी त्याच धावकाची अंतरे १०३०, १०४२, १०३५, १०२० आणि १०३० अशी आली, तर नाडी तीच, ५८. पण आरएमएसएसडी येतो ११ च्या आसपास. बोटाने नाडी मोजणाऱ्याला या दोन सकाळींमध्ये काहीच फरक जाणवणार नाही. प्रत्यक्ष मोजणीत अर्थातच सहा नाही, तर एक ते पाच मिनिटांतले सगळे ठोके धरतात.

हा फरक कुठून येतो, हे कळायला हृदयाचा वेग कोण ठरवते ते पाहावे लागते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. ठोक्याची ठिणगी तिथे पडते. मेंदूकडून येणारे सगळे आदेश तोडले, तर हा पुंजका स्वतःच्या मर्जीने मिनिटाला साधारण शंभर ठोके पाडतो. विश्रांतीच्या वेळी नाडी साठ किंवा पन्नासवर असते, याचा अर्थ कोणीतरी ब्रेक दाबून ठेवलेला असतो. तो ब्रेक म्हणजे व्हेगस चेता. मेंदूच्या बुडापासून निघून मानेतून हृदय, फुप्फुसे आणि आतड्यांपर्यंत जाणारी ही चेता परानुकंपी, म्हणजे शरीराला शांत करणाऱ्या, चेतासंस्थेची मुख्य वाहिनी आहे. उलट बाजूला अनुकंपी चेतासंस्था असते. ती धोक्याच्या किंवा श्रमाच्या वेळी हृदयाला वेग देते.

या दोन्हींच्या कामाचा वेग सारखा नसतो, आणि एचआरव्हीचे सारे रहस्य यात आहे. व्हेगस चेतेच्या टोकाशी सुटणारे असेटिलकोलीन हे रसायन क्षणात परिणाम करते आणि तितक्याच झटपट नष्ट होते. त्यामुळे व्हेगसचा ब्रेक एकेका ठोक्यागणिक दाबला किंवा सोडला जाऊ शकतो. अनुकंपी बाजूचे नॉरॲड्रेनलीन मात्र सावकाश चढते आणि सावकाश उतरते. त्याचा परिणाम दिसायला काही सेकंद जातात. म्हणून लागोपाठच्या दोन ठोक्यांमधला बारीक फरक हा जवळजवळ पूर्णपणे व्हेगसच्या हातचा असतो. श्वास आत घेताना मेंदू हा ब्रेक किंचित सैल करतो आणि ठोके जवळ येतात. श्वास सोडताना तो पुन्हा दाबला जातो आणि ठोके लांबतात. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी श्वासाबरोबरचा हा चढउतार १८४७ साली आलेखावर उतरवला होता. सकाळी अंथरुणात मोजलेला आरएमएसएसडी म्हणजे बहुतांशी श्वासाच्या या लाटेची उंची. ब्रेक घट्ट असेल तर लाट उंच, ब्रेक आधीच सैल झालेला असेल तर लाट बसकी.

ही लाट बसते आणि तरीही नाडी फारशी बदलत नाही, हे वैद्यकाला धावकांच्या कितीतरी आधी प्रसूतिकक्षात दिसले. १९६० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड हॉन आणि एस. टी. ली यांनी दाखवून दिले की पोटातले बाळ संकटात असेल, तर त्याच्या हृदयाचा वेग बदलण्याआधी ठोक्यांमधला नैसर्गिक चढउतार कमी होतो. धावकांच्या हाती हे माप येण्यासाठी मात्र छातीला बांधायचा बिनतारी पट्टा यावा लागला. फिनलंडच्या पोलर कंपनीने तो १९८० च्या दशकात बाजारात आणला आणि तेव्हापासून या विषयातले बरेचसे काम फिनलंडमध्येच झाले.

जोरकस धावण्यानंतर व्हेगसचा ब्रेक सैल का राहतो, याची कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात. धावताना तो मुद्दाम सोडलेलाच असतो, नाहीतर नाडी १६० वर जाणार कशी? धावणे थांबल्यावर तो पुन्हा लागू लागतो, पण रक्तातली ॲड्रेनलीनसारखी द्रव्ये लगेच ओसरत नाहीत. स्नायूंमध्ये साठलेल्या उपद्रव्यांच्या खबरा मेंदूकडे जात राहतात. शरीराचे तापमान चढलेले असते. घामाने रक्तातला द्रव कमी झालेला असतो, आणि रक्तदाब टिकवून धरण्यासाठी मेंदूला अनुकंपी बाजू चालू ठेवणे भाग पडते. लांब उतारावरून धावल्यावर मांड्यांच्या स्नायूंना जी सूक्ष्म इजा होते, तिच्या दुरुस्तीसाठी पुढचे दोन-तीन दिवस शरीरात हलका दाह चालू असतो. या सगळ्याचा एकत्रित परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळच्या आकड्यात उतरतो. गप्पा मारत केलेल्या सावकाश धावेनंतर व्हेगसचा कारभार साधारण चोवीस तासांच्या आत पूर्ववत होतो. दम लागेल पण तुटणार नाही अशा सलग वेगाच्या धावेनंतर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. जीव तोडून केलेल्या इंटरव्हलनंतर किंवा शर्यतीनंतर अठ्ठेचाळीस तास हे किमान मानावे.

म्हणजे रविवारच्या लाँग रननंतर सोमवारी आकडा खाली आला, तर त्यात बिघडलेले काही नाही. तसे व्हायलाच हवे. व्यायामाने शरीराला दिलेला धक्का नोंदला गेला एवढाच त्याचा अर्थ. ‘रिकव्हरी’ बिघडली असे म्हणायचे ते आकडा वेळेत वर येत नाही तेव्हा. मंगळवारी तो निम्मा भरून निघायला हवा होता, बुधवारी नेहमीच्या जागी यायला हवा होता, आणि तरीही तो खालीच राहिला, तर पहिल्या धक्क्याची परतफेड होण्याआधी त्यावर दुसरा काही भार पडला आहे. तो भार दुसऱ्या व्यायामाचा असू शकतो, अपुऱ्या झोपेचा किंवा पुरेसे न खाण्याचा असू शकतो, किंवा धावण्याशी ज्याचा काहीच संबंध नाही अशा कशाचाही.

आजारपण हा असाच एक भार. घशात किंवा फुप्फुसात विषाणू शिरला की रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिनसारखी दाह पेटवणारी प्रथिने रक्तात सोडतात. व्हेगस चेतेत मेंदूकडून खाली जाणाऱ्या तंतूंपेक्षा शरीराकडून वर मेंदूकडे जाणारे तंतू कितीतरी जास्त असतात. ही प्रथिने पसरल्याची बातमी त्या तंतूंमार्फतही वर पोहोचते. मग मेंदू शरीराला आजारी माणसाच्या वागण्यात ढकलतो: थकवा, सुस्ती, भूक मंदावणे, तापमान वाढवणे. तापमान वाढवायचे म्हणजे त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळायच्या आणि उष्णता आत धरून ठेवायची; ही कामे अनुकंपी बाजूची. त्यामुळे व्हेगसचा ब्रेक सैल होतो. नाकातून पाणी येणे किंवा अंग दुखणे ही लक्षणे दाह बराच वाढल्यावर जाणवतात, पण चेतासंस्थेतला बदल त्याआधी सुरू झालेला असतो. म्हणूनच काही वेळा आकडा आधी घसरतो आणि सर्दी मागाहून कळते. कोविडच्या साथीत न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालय-समूहातल्या कर्मचाऱ्यांच्या मनगटी घड्याळांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा निदान होण्याच्या आधीच्या आठवड्यातच एचआरव्हीच्या रोजच्या लयीत बदल झालेला आढळला. ‘काही वेळा’ हे शब्द मात्र इथे महत्त्वाचे. घसरण झाली आणि आजार आला नाही, अशा सकाळी आजार आलेल्या सकाळींपेक्षा नेहमीच जास्त असतात.

एक खूण मात्र दोन्हींमध्ये फरक करायला मदत करते. व्यायामाच्या थकव्यात आरएमएसएसडी खाली येतो आणि नाडी दोन-चार ठोक्यांनीच वाढते. दोन दिवसांत दोन्ही परत फिरतात. आजारात विश्रांतीची नाडीही दिवसागणिक चढत जाते, कारण शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की नाडी ढोबळमानाने दहा ठोक्यांनी वाढते. भरपूर विश्रांती घेतल्यावरही एक आकडा उतरतो आहे आणि दुसरा चढतो आहे, असे दिसले तर घसा आणि थर्मामीटर दोन्ही तपासावेत.

मनावरचा ताणही याच वाटेने ठोक्यांपर्यंत पोहोचतो. काळजी, भीती, भांडण यांची जाणीव मेंदूच्या ज्या भागांत होते, त्यांचे धागे मेंदूच्या बुडाशी असलेल्या व्हेगसच्या उगमकेंद्रांपर्यंत गेलेले असतात. कचेरीतली मुदत, घरातले दुखणे, रात्रीचा विमानप्रवास या गोष्टी पायांना थकवत नाहीत, पण हा ब्रेक सैल करतात. झोप पाच तासांवर आली किंवा रात्री मद्य घेतले तर परिणाम आणखी ठळक होतो. मद्याच्या बाबतीत बऱ्याच धावकांना वाटते की दोन ग्लासांनी काय बिघडते. घड्याळातली रात्रभराची नोंद पाहिली की तो भ्रम सहसा टिकत नाही. हृदयाला व्हेगसची एकच यंत्रणा आहे. त्यामुळे तीस किलोमीटरची धाव, तुंबलेले काम आणि अंगात मुरत असलेला ताप ही तिन्ही खाती तिथे एकाच बेरजेत मांडली जातात. ही बेरीज समोर मिळते, हा एचआरव्हीचा फायदा. तिची फोड करणे माणसालाच जमते, आणि त्यासाठी आकड्याशेजारी झोप, मनःस्थिती, अंगदुखी आणि आदल्या दिवशीचा व्यायाम यांची एका ओळीची नोंद लागते.

आता घसरण म्हणजे नेमकी किती? इथे दुसऱ्याशी तुलना निरुपयोगी ठरते. एकाच वयाच्या, एकाच वेगाने धावणाऱ्या दोघांपैकी एकाचा रोजचा आरएमएसएसडी २५ आणि दुसऱ्याचा ८० असू शकतो, आणि दोघेही ठणठणीत असू शकतात. यात अनुवंशाचा मोठा वाटा असतो, आणि वय वाढते तसा आकडा उतरत जातो. तुलना करायची ती स्वतःच्याच गेल्या काही आठवड्यांशी. त्यातही एका सकाळीवरून काही ठरवू नये, कारण निरोगी माणसाचा आकडाही रोज बराच हलतो. डॅनियल प्ल्यूज आणि मार्टिन बुशाइट या संशोधकांनी गेल्या दशकाच्या सुरुवातीला यावर एक व्यवहार्य तोडगा मांडला: रोजच्या आकड्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यावा, त्याची सात दिवसांची सरकती सरासरी काढावी आणि ती सरासरी स्वतःच्या नेहमीच्या पट्ट्यातून बाहेर पडते का ते पाहावे. लॉगरिदम घेण्याचे कारण साधे आहे. आकडा ८० वरून ६० वर येणे आणि ४० वरून ३० वर येणे ही शरीराच्या दृष्टीने सारख्याच प्रमाणातली घट आहे. लॉगरिदममध्ये दोन्ही सारख्या दिसतात. अनेक ॲप हे गणित पडद्याआड करतात.

उदाहरणादाखल, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारी पुण्यातली बेचाळीस वर्षांची एक धावक घेऊ. हे उदाहरण कल्पित आहे, पण त्यातले आकडे रोजच्या अनुभवातले आहेत. चार आठवड्यांच्या नोंदींवरून तिचा नेहमीचा आरएमएसएसडी ४६ आणि सकाळची नाडी ५२ ठरली आहे. एकेका दिवसाचा आकडा बहुधा ३८ ते ५६ यांच्या दरम्यान असतो. सात दिवसांची सरासरी मात्र इतकी हलत नाही. रोजच्या चढउताराच्या प्रमाण विचलनाचे निम्मे दोन्ही बाजूंना धरले, तर तिचा पट्टा ४२ ते ५१ असा येतो.

नोव्हेंबरातल्या एका आठवड्यात बुधवार ते रविवार तिचे आकडे ४५, ४९, ४७, ४४ आणि ४८ आहेत. रविवारी मोजणी झाल्यावर ती ३० किलोमीटर धावते. सोमवारी आकडा ३५ वर येतो, नाडी ५६ होते. अपेक्षित घसरण, तो दिवस विश्रांतीचाच आहे. मंगळवारी ४२ आणि नाडी ५३. सात दिवसांची सरासरी ४४, पट्ट्याच्या आत. इथपर्यंत सगळे पुस्तकात लिहिल्यासारखे चालले आहे आणि बुधवारी ८०० मीटरचे आठ इंटरव्हल ठरलेले आहेत.

बुधवारी सकाळी आकडा ३१. झोप पाच तास झाली, कारण रात्री उशिरापर्यंत कामाची बैठक होती. नाडी ५५. कुठलेही लक्षण नाही. सरासरी ४२ वर, पट्ट्याच्या अगदी काठावर आली आहे. एवढ्यावरून आजाराचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अपुरी झोप हे समोर दिसणारे कारण पुरेसे आहे. पण इंटरव्हल करण्याचा दिवस हा नव्हे, एवढे स्पष्ट आहे. ती सहा किलोमीटर सावकाश धावते आणि रात्री लवकर झोपते. कारण फक्त झोप असेल, तर गुरुवारी आकडा वर यायला हवा. गुरुवारी, आठ तास झोपूनही, तो येतो २७ आणि नाडी ५९. सरासरी ३८, म्हणजे पट्ट्याच्या बऱ्याच खाली. झोपेचे स्पष्टीकरण आता गळून पडले. दोन्ही आकडे विरुद्ध दिशांना चालले आहेत आणि विश्रांतीला दाद देत नाहीत. ती त्या दिवशी धावत नाही. शुक्रवारी सकाळी आरएमएसएसडी २४, नाडी ६२, घशात खवखव, संध्याकाळी ताप.

या आठवड्यात एचआरव्हीने तिला नेमके काय दिले? सर्दी-तापाचे निदान दिले नाही. इंटरव्हलची मेहनत एका अशा शरीरावर लादली जाणार होती जे आधीच लढाईत होते, ती टळली. तापात धावू नये हा नियम आकड्यांच्या आधीपासूनचा आहे, आणि त्याला सबळ कारण आहे: काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाच दाह आणतात आणि त्या काळातले जोरकस श्रम ठोक्यांची जीवघेणी अनियमितता घडवू शकतात. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत महाराष्ट्रात डेंग्यूही असतो. तीव्र डोकेदुखी किंवा अंगदुखीसह ताप आला, तर ॲपकडे पाहत बसण्यापेक्षा रक्ततपासणी महत्त्वाची. ताप उतरल्यावर परतीची वेळ ठरवायला मात्र आकडे पुन्हा कामाला येतात. नाडी ५२-५३ वर आली पण आरएमएसएसडी अजून तिशीत आहे, असे काही दिवस सहसा जातात. त्या दिवसांत चालणे आणि छोट्या सावकाश धावा पुरेशा असतात. छातीत दुखणे, धडधड किंवा नेहमीच्या वेगालाही धाप लागणे यांपैकी काही असेल, तर धावण्याआधी डॉक्टरांना दाखवावे, मग आकडा काहीही म्हणो.

हे सगळे मोजणी नीट असेल तरच. सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यानंतर, चहा-कॉफी आणि मोबाइलवरच्या बातम्यांच्या आधी, रोज त्याच स्थितीत आणि सहज श्वास घेत मोजावे. एक दिवस आडवे पडून आणि दुसऱ्या दिवशी बसून मोजले, तर दिसणारा फरक शरीरातला नसून आसनातला असतो. मुद्दाम खोल श्वास घेतला तर श्वासाची लाट उंचावते आणि आकडा फुगतो. रात्रभर झोपेत मोजणारे घड्याळ आणि सकाळी छातीला पट्टा बांधून केलेली मोजणी यांचे आकडे वेगवेगळे येतात. दोन्हींपैकी एक निवडून त्यालाच चिकटून राहावे. रात्रीच्या मोजणीत उशिरा केलेले जेवण किंवा संध्याकाळचा व्यायाम जास्त उमटतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

सगळ्यात फसवी चूक अकाली ठोक्याची. निरोगी माणसांतही अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी पडतो आणि पुढच्या ठोक्याला उशीर होतो. एक मिनिटाच्या मोजणीत साठ-एक फरक असतील आणि खरा आरएमएसएसडी ३० असेल, तर असा एकच ठोका ३५०, ७०० आणि पुन्हा ३५० मिलिसेकंदांचे तीन मोठे फरक घालतो. वर्ग केल्यावर हे तीन फरक बाकी सगळ्यांना झाकून टाकतात आणि आरएमएसएसडी ११० च्या वर जातो. घसरलेला आकडा अशा वेळी उत्तम दिसतो. चांगली ॲप असे ठोके गाळतात, सगळी गाळत नाहीत. एखाद्या सकाळी आकडा अचानक दुप्पट झाला, तर आनंद मानण्याआधी पुन्हा मोजावे.

वर गेलेला आकडा नेहमी शुभ असतो असेही नाही. महिनोन्महिने अति सराव केलेल्या, थकून गेलेल्या सहनशक्तीच्या खेळाडूंमध्ये व्हेगसचा प्रभाव उलट वाढलेला आढळतो. त्यांची नाडी विश्रांतीतही कमी असते आणि जोर लावला तरी वर चढत नाही, एचआरव्ही छान दिसतो आणि शर्यतीतला वेळ मात्र बिघडत जातो. दुसरीकडे, विश्रांतीची नाडी चाळिशीत असलेल्या काही मुरलेल्या धावकांमध्ये आडवे पडून मोजलेला आकडा घसरतो तो ब्रेक अति घट्ट बसल्यामुळे. श्वासाबरोबर सैल व्हायलाही तो तयार नसतो. नाडी आणि एचआरव्ही दोन्ही एकदम खाली गेले आणि माणूस ताजातवाना असेल, तर शंका इथे घ्यावी. अशांनी बसून किंवा उभे राहून मोजले की हा पेच बराचसा सुटतो. स्त्रियांमध्ये पाळी येण्याआधीच्या सुमारे दोन आठवड्यांत नाडी किंचित वाढते आणि एचआरव्ही किंचित कमी होतो. हा पाळीचक्राचा भाग आहे, थकव्याचा नव्हे. म्हणून त्यांनी पट्टा ठरवताना किमान एक पूर्ण चक्र धरावे.

रोजचा सराव या आकड्यावर सोपवला तर फायदा होतो का, याची चाचणी फिनलंडमध्येच प्रथम झाली. अँटी किव्हिनिएमी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मध्यम तंदुरुस्त पुरुषांचे चार आठवड्यांचे धावण्याचे प्रशिक्षण तपासले. एका गटाने ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे जोरकस धावा केल्या. दुसऱ्याने सकाळचा एचआरव्ही घसरला नसेल त्याच दिवशी. दुसऱ्या गटाने ट्रेडमिलवरच्या कमाल वेगात जास्त प्रगती केली. २०१६ मध्ये विले व्हेस्टेरिनेन यांच्या गटाने हौशी धावकांवर असाच प्रयोग केला. तिथे एचआरव्हीनुसार चालणाऱ्यांनी जोरकस सराव कमी वेळा करूनही ३००० मीटरची वेळ सुधारली. हे गट लहान होते आणि त्यांच्यातला फरकही प्रचंड नव्हता. फायदा आकड्याने काही जादू केल्यामुळे झाला नाही. मेहनत शरीर ती पचवू शकेल अशा दिवशी पडली, एवढेच घडले.

व्हेगसपर्यंत ज्याची खबर पोहोचत नाही, ते या आकड्यात दिसत नाही. नडगीच्या हाडाला पडू लागलेली बारीक भेग, टाचेमागच्या शिरेची कुरबुर, गुडघ्याच्या वाटीमागचे दुखणे या धावकांना महिनोन्महिने घरी बसवणाऱ्या तक्रारी एकाच जागी मर्यादित असतात आणि चेतासंस्थेच्या समतोलाला धक्का लावत नाहीत. त्या वाढत असताना सकाळचा आरएमएसएसडी नेहमीच्या पट्ट्यात असू शकतो. बोटाने दाबल्यावर नडगीवर एका ठिकाणी नेमके दुखत असेल, तर हिरवा दिवा दाखवणाऱ्या ॲपच्या भरवशावर त्या दिवशी धावू नये.